घशाशी आंबट पाणी, घशात गोळा, सकाळी बसलेला आवाज: मूक रिफ्लक्सवर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

घशाशी आंबट पाणी येतं. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, खाकरलं तरी निघत नाही. सकाळी उठल्यावर आवाज घोगरा असतो आणि दहा-अकरापर्यंत हळूहळू मोकळा होतो. छातीत जळजळ मात्र नाही, म्हणून हे पोटाचं दुखणं असेल असं डोक्यातच येत नाही. मग वाफ, गुळण्या, अँटिबायोटिकचा एखादा कोर्स असं करत करत शेवटी कुणीतरी ‘पित्त आहे’ म्हणतं आणि मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्यांची पट्टी येते. पट्टी असेपर्यंत जरा बरं वाटतं, संपली की पंधरवड्यात सगळं परत.

यात चुकतो तो क्रम. गोळी सर्वात आधी आणि तीही चुकीच्या वेळी घेतली जाते. रात्रीचं जेवण आणि झोपण्याची पद्धत यांना कुणी हात लावत नाही. घशाला बरं व्हायला लागतात दोन-तीन महिने, आणि लोक दहाव्या दिवशी निकाल लावून मोकळे होतात.

क्रम असाच का, हे कळण्यापुरतं थोडं आतलं सांगतो. अन्ननलिकेला वर आणि खाली एकेक झडप असते. खालची ढिली पडली की जठरातलं वर येतं, आणि वरचीही चुकली की ते थेट घशात, स्वरयंत्रापर्यंत पोचतं. हे वर येणं म्हणजेच रिफ्लक्स, आणि छातीत जळजळ न करता होतं म्हणून मूक. अन्ननलिका थोडंफार आम्ल सोसते, कारण लाळ गिळून ती धुतली जाते. स्वरयंत्राला ही सोय नाही. तिथे आम्लाबरोबर आलेलं पेप्सिन, म्हणजे मांस-डाळी पचवणारा जठरातला पाचकरस, नाजूक अस्तरावर चिकटून बसतो आणि पुन्हा आम्ल भेटलं की कामाला लागतो. म्हणून छातीत जळजळ होण्याइतकं आम्ल वर आलं नाही तरी घसा मात्र बिघडतो. झोपेत आपण फारसं गिळत नाही, लाळही कमी सुटते आणि शरीर आडवं असतं. सकाळचा बसलेला आवाज हा बहुतेकदा रात्रीचा हिशेब असतो. म्हणून कामाला सुरुवात रात्रीपासून करायची.

## टप्पा १: हे घरी करण्यासारखं आहे का ते आधी ठरवा

आवाज चार आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र बघून घ्या. नाकातून किंवा तोंडातून दुर्बीण घालून पाच मिनिटांत होणारी तपासणी आहे, भूल लागलीच तर फवाऱ्याची. ती न करता महिनोन्‌महिने पित्ताच्या गोळ्या घेणं ही या दुखण्यातली सगळ्यात महाग चूक. स्वरयंत्रावरची गाठ, फोड किंवा कॅन्सर सुरुवातीला नेमका असाच बोलतो: आवाज बसला, बाकी काही नाही. तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगारेट, दारू यांपैकी काही असेल तर चार आठवडेही थांबू नका.

लगेच डॉक्टर गाठा: घास अडकत असेल, गिळताना दुखत असेल, प्रयत्न न करता वजन उतरत असेल, मानेत गाठ लागत असेल, थुंकीत रक्त येत असेल, एकाच बाजूचा घसा किंवा कान सतत दुखत असेल, श्वास घेताना आवाज येत असेल. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम येणं किंवा दुखणं हाताकडे, जबड्याकडे जाणं हे पित्त समजून सोडा पीत बसू नका, ते हृदय असू शकतं.

घशातल्या गोळ्याची एक साधी परीक्षा घरी करता येते. नुसती लाळ गिळताना गोळा जाणवतो, पण जेवताना भाकरीचा घास सरळ उतरतो आणि तेवढा वेळ गोळ्याचा विसर पडतो, तर तो गोळा म्हणजे घशाच्या स्नायूंचा ताण आणि अस्तराचा दाह असण्याची शक्यता जास्त. उलट लाळ ठीक, पण भाकरी, चपाती, भात अडकतो, पाणी पिऊन ढकलावा लागतो, तर ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी एंडोस्कोपी लागते.

आणखी एक गोष्ट घरातच बघून घ्या, ती म्हणजे चालू औषधं. रक्तदाबाच्या रामिप्रिल-एनालाप्रिल जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला आणि घशात खवखव येते. अॅम्लोडिपिनसारख्या गोळ्या खालची झडप ढिली करू शकतात. दम्याचा स्टिरॉइड पंप ओढून चूळ न भरता झोपलं तर नुसत्या त्यानेच आवाज बसतो. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, यादी डॉक्टरांपुढे ठेवायची.

## टप्पा २: काहीही बदलण्याआधी सात दिवस लिहून काढा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि मग दोन महिन्यांनी ‘फरक पडला का’ या प्रश्नाला ‘हो, म्हणजे तसा थोडा’ असं उत्तर येतं. एक वही घ्या. रोज चारच गोष्टी लिहा: रात्रीच्या जेवणाचा शेवटचा घास किती वाजता, पाठ टेकली किती वाजता, सकाळी आवाज किती वाजता मोकळा झाला, आणि दिवसात आंबट पाणी कधी घशाशी आलं व त्याआधी काय खाल्लं होतं.

आठवड्याच्या शेवटी गुण द्या. घशाच्या डॉक्टरांकडे यासाठी नऊ प्रश्नांचा एक तक्ता असतो. गेल्या महिन्यात काय त्रास झाला याला प्रत्येकी ० ते ५ गुण द्यायचे: आवाज बसणं, सारखं खाकरणं, घशात चिकट कफ किंवा नाकातून मागे उतरणारा शेंबूड, गिळायला त्रास, जेवल्यावर वा आडवं झाल्यावर खोकला, श्वास अडकणं किंवा ठसका, त्रासदायक खोकला, घशात गोळा, आणि छातीतली जळजळ किंवा आंबट वर येणं. एकूण ४५ पैकी १३ च्या वर गेले तर रिफ्लक्सचा संशय धरतात. संशयच, निदान नव्हे; ॲलर्जीच्या सर्दीतही एवढे गुण सहज भरतात. आपल्याला आकडा हवा आहे तो पुढच्या महिन्याशी ताडून बघायला.

वही कशी वाचायची त्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर ठेवू. सकाळच्या शाळेतल्या एक शिक्षिका, वय बेचाळीस. पहाटे सव्वापाचला उठतात, चहाबरोबर पित्ताची गोळी घेतात, सातला वर्गावर. डबा दहाच्या सुट्टीत. दुपारी शाळा सुटल्यावर जेवण, चारला चहा. नवरा साडेनऊला घरी येतो, मग सगळे मिळून दहाला जेवतात, ओटा आवरून पावणेअकराला पाठ टेकते. स्वरयंत्र दुर्बिणीने बघून झालं आहे, मागच्या बाजूला थोडी सूज-लाली आहे, गाठबीठ नाही. गुण २३. वहीत सात दिवसांपैकी सहा दिवस आवाज साडेनऊनंतर मोकळा. एक दिवस मात्र सहालाच स्वच्छ. त्या आदल्या रात्री त्या लग्नाहून आल्या होत्या, संध्याकाळी सहाला तिथेच जेवल्या होत्या आणि रात्री काही खाल्लं नव्हतं. त्यांनी ती नोंद ‘योगायोग’ म्हणून सोडून दिली होती. सगळ्या वहीतली कामाची ओळ तीच.

## टप्पा ३: रात्रीचं जेवण अलीकडे ओढा

नियम एकच. शेवटचा घास आणि पाठ टेकणं यांत तीन तास. पाणी चालेल, तेही घोटभर. दूध चालणार नाही. ‘गार दुधाने पित्त शमतं’ हे त्या घटकेपुरतं खरं असतं. दुधातली प्रथिनं पचवायला जठर पुन्हा आम्ल सोडतं, आणि तोवर तुम्ही आडवे झालेले असता.

आपल्याकडे हा नियम मोडतो तो घरच्या वेळापत्रकाने. घरधनी किंवा मुलगा उशिरा येतो, आणि त्याच्याशिवाय जेवायला बसणं बाईच्या जिवावर येतं. आमच्या शिक्षिकेने तोडगा काढला तो असा: सव्वासातला स्वतः मुलांबरोबर भाकरी-भाजी-आमटी असं पूर्ण जेवून घ्यायचं, आणि दहाला नवऱ्याच्या पानासमोर गप्पा मारत बसायचं, पाण्याचा पेला घेऊन. पहिला आठवडा तिला ‘थोडा भात घे की’ असा आग्रह झाला. तिथे एक वाटी घेतली असती तर सगळं मुसळ केरात, कारण वाटीभर भातानेही झोपायच्या तोंडावर जठराचं काम पुन्हा सुरू होतंच.

ज्यांना सातला जेवणं शक्यच नाही, दुकान नऊला बंद होतं, लोकल साडेनऊला पोचते, त्यांनी जेवणाची दोन जागी वाटणी करावी. सहा-सातच्या दरम्यान पोटभरीचं खाणं डब्यातून, आणि घरी आल्यावर अगदी थोडं: मऊ भात-वरण किंवा मुगाची पातळ खिचडी, वर तूप एक चमचाच. ठेचा, लोणचं, तळण, चिंचेची आमटी दुपारच्या जेवणाकडे ढकलायची.

संकष्टी हा यातला खास सापळा. दिवसभर चहा आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, मग चंद्रोदयानंतर, म्हणजे रात्री नऊ-दहाला, मोदक-पुरणासकट भरपेट जेवण आणि लगेच झोप. उपास करायचाच असेल तर चंद्रोदयाला नैवेद्याचा घास घेऊन थांबा, पूर्ण जेवण दुसऱ्या दिवशी.

इथे जपा: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असाल तर जेवणाची वेळ तीन तास अलीकडे नेण्याआधी डॉक्टरांना विचारा. जेवण सरकलं आणि औषध तिथेच राहिलं तर रात्री साखर घसरते.

तपासा: दहा दिवसांनी वही उघडा. तीन तासांचं अंतर पाळलेल्या आणि न पाळलेल्या रात्रींनंतर आवाज मोकळा होण्याच्या वेळेत फरक दिसतो का? दिसला तर तुमचं गणित बरोबर दिशेने आहे.

## टप्पा ४: पलंगाचं डोकं वर करा, मान नव्हे

दोन उशा घेऊन झोपणं ही जवळजवळ सगळ्यांची चूक. दोन उशांनी मान आणि छाती पुढे वाकते, पोट दुमडतं, जठरावर दाब येतो आणि उलट जास्त वर येतं. हवा आहे तो कमरेपासून डोक्यापर्यंत सरळ उतार.

लोखंडी किंवा लाकडी पायांचा पलंग असेल तर सोपं. डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवा. आडवी ठेवलेली साधी वीट सुमारे तीन इंच उंच असते. दोन विटा म्हणजे सहा इंच, तेवढं पुरे. पाय घसरू नये म्हणून वर रबराचा तुकडा टाका, आणि पहिल्या दिवशी एकाच विटेवर झोपून बघा.

आजकालच्या बहुतेक घरांत मात्र खाली सामान भरलेला बॉक्सचा दिवाण असतो, तो उचलत नाही. तिथे त्रिकोणी फोमची उशी लागते: उंच बाजू सहा ते आठ इंच, आणि लांबी इतकी की तिचा पातळ कडेचा भाग कमरेला लागला पाहिजे. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच उशा आखूड असतात, खांद्यांपाशीच संपतात. त्या घेऊ नका. खाली गादी घालून झोपणाऱ्यांनी गादीखाली घडी घातलेल्या गोधड्या लावाव्यात, कमरेपाशी एक, पाठीखाली दोन, डोक्याखाली तीन-चार. गोधड्या गादीच्या वर घालू नका, रात्रीत सरकतात.

कूस डावी. जठर पोटात असं बसलेलं असतं की डाव्या कुशीवर झोपलं की त्यातला रस झडपेच्या खालच्या पातळीवर राहतो, उजव्या कुशीवर तो झडपेवरच येऊन बसतो. झोपेत वळायला होतंच. पाठीमागे एक लोड किंवा लांब उशी टेकवून ठेवली की निम्म्या रात्री तरी कूस टिकते. डावा खांदा दुखत असेल तर उताणं झोपा, उतार मात्र सोडू नका.

तपासा: उतारावर उताणं पडा आणि कुणालातरी बाजूने बघायला सांगा. कंबर, खांदा, कान एका रेषेत असायला हवेत. हनुवटी छातीकडे वळलेली दिसली तर उशी कमी करा.

घरातल्या माणसांची तक्रार येते की पलंगाच्या उतारावरून आपण खाली सरकतो. खरी आहे. जाड सुती चादर टाका, सॅटिनची नको.

## टप्पा ५: दिवसाचं खाणं, पण यादीच्या मागे लागू नका

इंटरनेटवरच्या ‘काय खाऊ नये’ याद्या वाचल्या तर हवा आणि मऊ भात एवढंच उरतं. दोन आठवडे चारच गोष्टी बंद करून बघा, वही चालूच ठेवून: तळलेलं आणि तर्रीचं, सोडा व कोल्ड्रिंक, पुदिना-पेपरमिंट, आणि तंबाखू-दारू. पुदिन्याचं ऐकून लोक चकित होतात. जेवणानंतरची पेपरमिंटची गोळी आणि घसा ‘मोकळा’ करणाऱ्या मेंथॉलच्या गोळ्या खालची झडप सैल करू शकतात. बसलेल्या आवाजावर दिवसभर मेंथॉल चघळणारा माणूस दुखण्यालाच खाऊ घालत असतो. चघळायचंच तर ज्येष्ठमधाचा लहान तुकडा चालेल, पण रक्तदाब असेल तर तोही नको.

फसफसणाऱ्या पावडरीचंही तेच. ढेकर येते, हलकं वाटतं. पण त्या ढेकरेबरोबर घशापर्यंत काय आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.

चहा पूर्ण सोडायला मी सांगत नाही, कारण लोक सोडत नाहीत आणि मग बाकी सगळंच सोडून देतात. रिकाम्या पोटीचा पहिला चहा खाण्याबरोबर नेला आणि संध्याकाळी पाचनंतरचा बंद केला तरी बरंच साधतं. सकाळचं कोमट पाणी, लिंबू आणि मध मात्र बंद. रात्रभर भाजलेल्या घशावर सकाळी उठून लिंबू पिळण्यात काय शहाणपण आहे? ॲपल सायडर व्हिनेगरलाही हेच लागू. ताक ताजं आणि गोडसर असेल तर दुपारी चालतं, आंबलेलं नाही. कोकम, सोलकढी, टोमॅटोचं सार हे चौदाव्या दिवसानंतर एकेक करून परत आणा आणि वहीत बघा. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट बाधत नाही.

खाण्याइतकंच महत्त्व पोटावरच्या दाबाला आहे. परकराची नाडी, पँटचा पट्टा, पोट आवळणारी लेगिंग जेवल्यावर सैल करा. जेवून लगेच वाकून केर काढणं, फरशी पुसणं नको. कपालभाती आणि सूर्यनमस्कार रिकाम्या पोटी ठीक, पण त्याआधी लिटरभर पाणी पिऊन करणाऱ्यांना आंबट पाणी हमखास येतं. जलधौती, म्हणजे पाणी पिऊन उलटी काढणं, या दुखण्यात पूर्ण बंद. त्यात आपण स्वतःच आम्ल स्वरयंत्रावर नेऊन घालतो.

## टप्पा ६: खाकरणं मोडा

ही सवय कुणी उपचारात धरतच नाही. खाकरताना दोन्ही स्वररज्जू एकमेकांवर आपटतात. अस्तर सुजतं, शरीर त्यावर कफ सोडतं, कफ जाणवला की पुन्हा खाकरावंसं वाटतं. पोटातलं वर येणं थांबलं तरी हे चक्र आपल्या जोरावर महिनाभर फिरत राहतं, आणि माणूस म्हणतो, औषधाचा उपयोग झाला नाही. गोळा तपासायला सारखी लाळ गिळणं हा त्याचाच भाऊ. कोरडं गिळून गिळून वरची झडप आवळते आणि गोळा मोठा होतो.

खाकरावंसं वाटलं की हे करा, याच क्रमाने:

१. पाण्याचा एक लहान घोट. बाटली हाताशी ठेवा, पण गटागटा नको.

२. हनुवटी किंचित खाली घेऊन तो घोट जोर लावून गिळा.

३. तरीही वाटलं तर आवाज न करता, नुसत्या हवेने ‘ह’ असा हलका झटका द्या. घशातून आवाज निघाला तर ते खाकरणंच झालं.

४. नाकाने श्वास घेऊन पोट फुगवा, तोंडाने सावकाश सोडा, चार-पाच वेळा. वीस सेकंदांत उबळ ओसरते.

आवाज बसलेला असताना कुजबुजू नका, कुजबुजण्याने स्वरयंत्रावर जास्त ताण येतो. हळू, पण खऱ्या आवाजात बोला. आमच्या शिक्षिकेने पहिल्या तासाला फळ्यावर उदाहरणं लिहून मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायला सुरुवात केली. तिचा सगळ्यात वाईट आवाज सात ते आठ या वेळातच असायचा, आणि त्याच तासाला ती सर्वात जोरात बोलायची.

## टप्पा ७: औषध, पण वेळ बरोबर गाठून

आता गोळी. मेडिकलमधून आणलेली नव्हे, डॉक्टरांनी लिहून दिलेली.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या जातीच्या गोळ्या जठरातले आम्ल सोडणारे पंप बंद करतात. पण जे पंप त्या वेळी चालू असतात तेवढेच, आणि पंप चालू होतात जेवणाने. गोळी रक्तात पोचून काम करते तो वेळ थोडा असतो. म्हणून गोळी जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायची आणि मग खरंच जेवायचं. ‘उपाशीपोटी’ हे अर्धंच वाक्य आपण लक्षात ठेवतो.

शिक्षिकेचं नेमकं हेच होत होतं. गोळी सव्वापाचला, जेवण दहाला, मध्ये नुसता चहा. गोळी येऊन कामाविना परत जात होती. शिवाय तिचा त्रास होता रात्रीचा. डॉक्टरांनी गोळी संध्याकाळी साडेसहाला दिली, जेवण सव्वासातला. गोळी तीच, ताकद तीच. कुणाला एक वेळ पुरते, कुणाला डॉक्टर दोन वेळा देतात. ते त्यांनी ठरवायचं. गोळी फोडू किंवा चावू नका, वरचं आवरण तिला जठरात विरघळू न देण्यासाठीच असतं.

दुसरं औषध सोडियम अल्जिनेटचं, पातळ. हे जठरातल्या अन्नावर तरंगणारा साईसारखा थर बनवतं आणि आंबट पाण्याची वाट अडवतं. गोळी आम्ल कमी करते, वर येणं थांबवत नाही. ज्यांची मुख्य तक्रार घशाशी पाणी येण्याची आहे त्यांना म्हणून हे जास्त लागू पडतं. जेवणानंतर आणि झोपण्याआधी, बाटलीवरच्या मापाने. त्यावर पाणी प्यायचं नाही, थर फुटतो. यात मीठ, म्हणजे सोडियम असतं. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर विचारून घ्या.

इथे जपा: आपल्याकडे पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल सर्रास मागून घेतली जाते. डॉम्पेरिडोन हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, विशेषतः वयस्कर माणसांत आणि काही औषधांच्या जोडीने. ते महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घ्यायचं औषध नाही. गरोदरपणात तर यातलं कुठलंच औषध न विचारता नको.

आणि गोळीकडून अपेक्षा बेताची ठेवा. २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठी चाचणी छापून आली. घशाच्या सततच्या तक्रारी असलेल्या काही लोकांना १६ आठवडे रोज दोनदा याच जातीचं लॅन्सोप्राझोल दिलं, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. बरं वाटण्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. याचा अर्थ गोळी कुणालाच लागू पडत नाही असा नाही. ज्यांना जळजळ किंवा आंबट पाणी स्पष्ट आहे त्यांना ती वापरून बघण्यात अर्थ आहे. पण नुसता गोळा आणि खाकरणं असेल, पाणी येत नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा की आधी तपासणी करावी का.

## टप्पा ८: बारा आठवड्यांनी हिशेब, आणि मग गोळी उतरवणं

आंबट पाणी आधी कमी होतं, बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. मग सकाळचा आवाज. गोळ्याची भावना सगळ्यात शेवटी जाते आणि मधे एखादा आठवडा परत येऊन घाबरवते. शिक्षिकेची वही चौथ्या आठवड्यात सांगते: पाणी आठवड्यातून एकदा, आवाज आठला मोकळा, गोळा जसाच्या तसा. गुण १७. इथेच बहुतेक लोक सोडतात. बाराव्या आठवड्यात गुण ९, गोळा फक्त परीक्षेच्या दिवसांत, ताणाने.

बरं वाटल्यावर गोळी एका दिवसात बंद करू नका. दोन-तीन महिने दाबून ठेवलेले पंप मोकळे झाले की काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल सोडतात. माणसाला वाटतं दुखणं उलटलं, आणि गोळी जन्माची होते. डॉक्टरांना विचारून आधी डोस निम्मा, मग दिवसाआड, मग बंद, आणि या काळात जळजळीला अल्जिनेट. उतार आणि तीन तास मात्र चालूच ठेवायचे. पोटाचा घेर वाढलेला असेल तर तो कमी केल्याने गोळी सुटायला मदत होते.

बारा आठवडे सगळं नीट पाळूनही गुण हलले नाहीत तर गोळी दुप्पट करत बसू नका. दोन शक्यता उरतात: हे रिफ्लक्स नाहीच, ॲलर्जी, सायनस किंवा घशाच्या स्नायूंचा ताण आहे आणि व्हॉइस थेरपीची गरज आहे, किंवा रिफ्लक्स आहे, पण ते आम्लाविना वर येतं. हा फरक नुसत्या एंडोस्कोपीत कळत नाही, ती बऱ्याचदा साफ येते. त्यासाठी २४ तासांची पीएच-इंपीडन्स तपासणी असते, मोठ्या शहरांतल्या पोटविकार विभागांत होते. नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात, कमरेला छोटं यंत्र बांधून घरी पाठवतात, दुसऱ्या दिवशी काढतात. जाण्याआधी गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या की चालू, हे तपासणी करणाऱ्यांनाच विचारा, कारण दोन्ही प्रकारांनी ती करतात आणि उत्तरं वेगळी निघतात. यंत्रावर बटण असतं. पाणी आलं, खोकला आला, गोळा जाणवला की लगेच दाबायचं आणि वेळ लिहायची. नळी लागल्यामुळे लोक त्या दिवशी घाबरून पेजेवर राहतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. त्या दिवशी रोजचं जेवा, रोजच्या वेळी झोपा, आणि ज्या मिसळीने पाणी येतं असा संशय आहे ती खा.